शेवटचा रकाना रिकामा: `net_payable` च्या टेस्टच्या नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सकाळी परसोडीच्या ऑफिसात पोचले तोवर तिकीट येऊन पडलं होतं. एकच ओळ: "`net_payable` साठी युनिट टेस्ट लिहा, कव्हरेज ८०%, अर्जंट." सोबत कोड नाही, फाईलचं नाव नाही. फंक्शन काय घेतं आणि काय देतं, याचाही पत्ता नाही. ग्राहक कळमना मार्केटमधला अडत्या. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात, त्यामुळे अर्जंट का हे कळतं. बाकी काही कळत नाही.

नाव ओळखीचं वाटलं की हात शिवशिवतात, हे कबूल करते. चहा यायच्या आत मी सहा टेस्ट लिहून मोकळी झाले होते. मग सहावीतली अपेक्षित रक्कम टाइप करताना थांबले, कारण हा आकडा मी आणला कुठून हेच सांगता येईना.

मागच्या महिन्यात याच ग्राहकाचा एक रिपोर्ट दुरुस्त केला होता, तेव्हाची वजनकाट्याची एक चिठ्ठी हाताशी होती. ४० कट्टे, भरल्या कट्ट्यांसह वजन २,०१२ किलो, भाव ४,४१५ रुपये क्विंटल. कट्ट्यामागे हमाली ६.५० आणि तोलाई २ रुपये. बारदाना अर्धा किलो धरला तर ४० कट्ट्यांचे २० किलो वजा होऊन माल १,९९२ किलो राहतो. हा एकच माल घेऊन `net_payable` या नावाचे मला सुचलेले अर्थ तपासले.

पहिला अर्थ: शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. १,९९२ किलोचे ८७,९४६.८० रुपये, त्यातून हमाली-तोलाईचे ३४० गेले की ८७,६०६.८०, पूर्ण रुपयात ८७,६०७.

दुसरा अर्थही शेतकऱ्याच्या रकमेचाच. फक्त फंक्शनला भरलं वजन दिलं जातंय आणि बारदाना वजा करायचं काम त्याच्यावर आहे की नाही, हे आपल्याला माहीत नाही. बारदाना कुणीच वजा केला नाही तर तीच रक्कम ८८,४९० होते. फरक ८८३ रुपयांचा.

तिसरा अर्थ खरेदीदाराने द्यायच्या रकमेचा. तीही "पेएबल"च. पण तिथे बाजार फी वजा होत नाही, वरून लागते. म्हणजे उत्तर ८७,९४६.८० च्या वरच जाणार. पहिल्या अर्थात आकडा खाली येतो, तिसऱ्यात वर चढतो, आणि नाव दोन्हीकडे तेच.

मी लिहिलेल्या सहाही टेस्ट पहिला अर्थ धरून होत्या. त्या पास झाल्या असत्या तर माझा अंदाज आणि कोड लिहिणाऱ्याचा अंदाज जुळला, इतकंच सिद्ध झालं असतं. फेल झाल्या असत्या तर चूक कोडची की माझी, हे सांगायला तिसरं कुणीच नव्हतं. सहाही पुसल्या.

"कृपया अधिक माहिती द्या" असं लिहिलं की "सोपं आहे हो, नेहमीसारखं" असं उत्तर येतं, हा आजवरचा अनुभव. म्हणून यावेळी प्रश्न न विचारता आठ ओळींचा तक्ता पाठवला. रकाने असे: वजन, भाव, कट्टे, उचल, उत्तर. पहिले चार भरून दिले, शेवटचा रिकामा ठेवला. पहिल्या ओळीत वरचा साधा माल. एका ओळीत बरोबर पन्नास पैसे उरतील असे आकडे. एका ओळीत उचल मालाच्या किमतीपेक्षा जास्त. एका ओळीत वजन शून्य. खाली एक वाक्य: "शेवटचा रकाना कॅल्क्युलेटरवर भरून पाठवा, कोड नसला तरी चालेल."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तक्ता रिकामाच परत आला. कोड जुन्या व्हेंडरच्या रेपोमध्ये आहे आणि परवानगी यायला शुक्रवार उजाडेल. "तोवर टेस्ट लिहून ठेवा."

आमचे लीड खुर्ची ओढून शेजारी बसले. "मॉक करून टाक ना, कोड आला की खरं फंक्शन जोडू." त्यांच्या डोक्यातलं मी तिथेच टाइप करून दाखवलं:

```python
net_payable = Mock(return_value=87607)

def test_net_payable():
    assert net_payable(1992, 4415, 40) == 87607
```

चालवलं. हिरवं. मग भाव ४,४१५ च्या जागी ९ केला आणि पुन्हा चालवलं. हिरवंच. मॉकला ८७,६०७ म्हणायला शिकवलं होतं, तो तेच म्हणत राहिला. मॉक वापरायचा तो फंक्शन ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांच्या जागी, म्हणजे डेटाबेस, भाव आणणारी सर्व्हिस वगैरे. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच जागी मॉक बसवला तर परीक्षेला कुणी बसतच नाही. सर हसले. म्हणाले, "बरं, मग दोन दिवस काय करशील?"

आकडा माहीत नसतानाही काही नाती सांगता येतात, असं मला वाटलं. उचल ५०० ने वाढली तर देय ५०० ने कमी व्हायला हवं. वजन तेच ठेवून कट्टे वाढवले तर देय वाढायला नको. रक्कम कितीही असो, ही नाती टिकायला हवीत. अशा दोन टेस्टचा सांगाडा तयार केला. फंक्शनला द्यायच्या गोष्टींचा क्रम ठाऊक नाही म्हणून त्या एका छोट्या मधल्या फंक्शनमधून जातात. कोड आला की तेवढीच ओळ बदलायची. या दोन टेस्टमध्ये माझा कसलाही अंदाज शिरलेला नाही, अशी माझी आज खात्री आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुरुनानक जयंतीची सुट्टी. संध्याकाळी सरांना मेसेज केला की उद्या ऑफिसऐवजी कळमन्याला जाते. उत्तर: "ये जाऊन, पण बिल चहाचंच लावजो."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सुभाष नगरहून मेट्रोने प्रजापती नगर, तिथून ऑटो. मार्केटमध्ये सोयाबीनची धूळ इतकी की मोबाईलच्या स्क्रीनवर बोटाने नाव लिहावं.

गाळ्यावर शेठ नव्हते, दिवाणजी होते. सॉफ्टवेअर असलं तरी हाताची पट्टी ते अजून फाडतातच. कार्बन घातलेलं पट्टीबुक, वरची पट्टी शेतकऱ्याला, खालची बुकात. कार्बन जुना झालाय, त्यामुळे सात आणि एक सारखेच दिसतात. आकडा कळेना की दिवाणजी कागद उजेडाकडे तिरपा धरतात आणि पेनाच्या दाबाची खूण वाचतात. मीही दोनदा तसंच केलं.

माझा रिकामा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, हे खोटे आकडे कायले भरता? खऱ्या पट्ट्या घ्या ना." आणि बुकच माझ्याकडे सरकवलं.

दोन तासांत नऊ पट्ट्या उतरवल्या. शेतकऱ्यांची नावं घेतली नाहीत, फक्त आकडे आणि पट्टी क्रमांक. आल्याआल्या एक गोष्ट निकालात निघाली. पट्टीवर लिहिलेलं वजन बारदाना वजा करूनच असतं, कारण ती वजाबाकी काट्यावरच होते. सोमवारचा माझा दुसरा अर्थ त्यामुळे बाद. तिसराही बाद, कारण खरेदीदाराचं बिल वेगळ्या बुकात.

मग पन्नास पैशांची गोष्ट. एका पट्टीवर २५ कट्टे, १,२५० किलो, भाव ४,४१०. माल ५५,१२५ चा, हमाली-तोलाई २१२.५०, म्हणजे ५४,९१२.५०. खाली दिवाणजींच्या अक्षरात ५४,९१३. विचारलं, नेहमी वरच का? म्हणाले, "पन्नास पैसे झाले का पुरा रुपया द्याचा. शेतकऱ्याचा पैसा हाय तो, आपण कायले ठेवाचा?" पन्नासच्या खाली असले तर सोडायचे. जीएसटी कायद्यातही, कलम १७० मध्ये, कराची रक्कम पूर्ण रुपयात आणायची रीत हीच आहे. पट्टी काही करात मोडत नाही, पण दिवाणजींचा हात त्याच वळणाचा.

नववी पट्टी वाचताना मात्र माझी मंगळवारची खात्री गळून पडली. ६ कट्टे, ३१० किलो, भाव ४,३८०. माल १३,५७८ चा, खर्च ५१, उरले १३,५२७. शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी घेतलेली उचल १५,०००. माझ्या हिशेबाने देय उणे १,४७३. पट्टीवर मात्र गोल शून्य आणि शेजारी बारीक अक्षरात "बाकी वहीत". दिवाणजी म्हणाले, "पट्टीवर मायनस काय असते? शून्य लिवाचं. बाकी वहीत चढते."

म्हणजे इथून पुढे उचल अजून ५०० ने वाढली तरी देय शून्यच राहणार. "उचल ५०० ने वाढली तर देय ५०० ने कमी" हे नातं, ज्यात माझा अंदाज नाही असं मी छातीठोक म्हणत होते, ते या पट्टीवर मोडतं. अंदाज होताच, मला दिसला नव्हता इतकंच. देय उणे जाऊ शकतं, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते.

शून्य वजनाची ओळही विचारून घेतली. "वजनच नाही त पट्टी कायची फाडता?" याचा अर्थ उत्तर शून्य असा नाही, तर अशी पट्टी निघूच नये असा. फंक्शनच्या भाषेत इथे आकडा नको, एरर हवी. मात्र हा अर्थ मी लावलेला, म्हणून शेठना विचारायच्या यादीत टाकला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दुपारी परवानगी आली. ज्याच्यासाठी चार दिवस गेले ते फंक्शन एवढंच:

```python
def net_payable(weight_kg, rate_qtl, bags, advance=0):
    gross = weight_kg * rate_qtl / 100
    deductions = bags * (HAMALI + TOLAI)
    return round(gross - deductions - advance)
```

तीन ओळी, एकही `if` नाही. तक्त्यातली कुठलीही एक ओळ चालवली की कव्हरेज १००%. तिकिटातलं ८०% पहिल्याच टेस्टने ओलांडलं, आणि ते ओलांडायला उत्तर तपासायचीही गरज नव्हती. ओळ चालली का, एवढंच कव्हरेज मोजतं. तिने बरोबर आकडा दिला का, हे ते बघत नाही.

सोमवारी कोड मिळाला असता तर मी काय केलं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. वेगवेगळे आकडे टाकून जे बाहेर येईल तेच अपेक्षित म्हणून चिकटवलं असतं. अशा टेस्टही कामाच्या असतात. जुना कोड उलगडताना त्याचं आजचं वागणं बांधून ठेवायला त्या लिहितातच, आणि तसं त्यांच्या नावात स्पष्ट म्हणावं. पण त्या कोडची आजची चूकही इमानदारीने जपतात.

म्हणून अपेक्षित आकडे कोडमधून घेतले नाहीत, पट्टीबुकातून घेतले. प्रत्येक ओळीला पट्टी क्रमांकाची ओळख दिली, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी "हा आकडा कुठला" म्हणालं तर बुक उघडता येईल. पहिल्या दोन ओळी अशा:

```python
@pytest.mark.parametrize("w, r, b, adv, want", [
    pytest.param(1250, 4410, 25, 0, 54913, id="patti-4"),
    pytest.param(310, 4380, 6, 15000, 0, id="patti-9"),
])
def test_patti(w, r, b, adv, want):
    assert net_payable(w, r, b, adv) == want
```

नऊपैकी सात पास, दोन फेल. फेल त्याच, वर दाखवलेल्या.

चौथ्या पट्टीवर कोड ५४,९१२ देतो. पायथनचं `round` बरोबर अर्ध्यावर अडलं की जवळच्या सम संख्येकडे जातं, आणि ५४,९१२ सम आहे. गंमत अशी की सातव्या पट्टीतही नेमके पन्नास पैसेच होते. कट्टे आणि वजन तेच, भाव ४,४००, रक्कम ५४,७८७.५०. तिथे वरची संख्या ५४,७८८ सम, म्हणून कोड आणि दिवाणजी जुळले आणि टेस्ट पास झाली. नेमकी हीच पट्टी माझ्या हाती लागली असती आणि चौथी सुटली असती, तर पन्नास पैशांचा नियम तपासला असं मी छातीठोक लिहून दिलं असतं. म्हणून पन्नास पैशांच्या ओळी नेहमी दोन हव्यात, एक सम रुपयावरची आणि एक विषम रुपयावरची.

नवव्या पट्टीवर कोड −१,४७३ देतो. तो सरळ वजाबाकी करतो, वहीची त्याला कल्पना नाही.

सर म्हणाले, "दोन लाल घेऊन ग्राहकाला काय दाखवू? चौथीत ५४,९१२ टाक, एका रुपयाचा तर सवाल आहे." मी म्हटलं, "सर, रुपया शेतकऱ्याचा आहे." दिवाणजींचंच वाक्य ते, पण कामी आलं. त्यांनी मान हलवली आणि "सोमवारी शेठशी बोलतो" म्हणून गेले.

सोमवार, १० नोव्हेंबर

सरांनी शेठना फोन लावला, स्पीकरवर. आता विचारायला नेमके प्रश्न होते, त्यामुळे बोलणं सात मिनिटांत आटोपलं.

पन्नास पैसे: दिवाणजी करतात तसंच, वरच्या रुपयात. शेठनी मेलवर एका ओळीत लिहूनही दिलं. शून्य वजन: पट्टी निघू नये, स्क्रीनवर अडवा. म्हणजे एरर. हेही लेखी.

उणे रक्कम: इथे शेठ म्हणाले, "नाही नाही, सॉफ्टवेअरमध्ये मायनस दिसू द्या. खात्यात तीच एंट्री पडते, शून्य पडलं तर माझी उचल बुडाली ना." मी म्हटलं, पट्टीवर दिवाणजी शून्य लिहितात. तिकडे क्षणभर शांतता. "कधीपासून?"

तर आजची स्थिती अशी. चौथ्या पट्टीचा नियम ठरला आहे आणि कोड चुकतोय. तिथे `xfail(strict=True)` लावलं आणि कारणात शेठच्या मेलची तारीख टाकली. त्यामुळे टेस्ट फेल होते आहे हे सगळ्यांना माहीत आहे, बिल्ड अडत नाही, आणि कोड सुधारला की खूण काढायची आठवण आपोआप होते. शून्य वजनाच्या टेस्टलाही तीच खूण.

नवव्या पट्टीचं तसं नाही. तिथे कोड चूक की बरोबर हेच ठरलेलं नाही, मग "फेल होणं अपेक्षित" तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिला `skip` केलं. कारण: "उचल मालापेक्षा जास्त असताना देय शून्य की उणे, नियम ठरलेला नाही." मंगळवारच्या नात्याच्या टेस्टमध्येही उचल मालापेक्षा कमीच राहील अशी मर्यादा घातली.

माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर असू शकतात. खात्याला उणे आकडा हवा, कागदावर शून्य छापायचं, म्हणजे फंक्शनने उणे द्यावं आणि पट्टी छापणाऱ्या भागाने शून्य दाखवावं. पण हे माझं मत आहे. टेस्टमध्ये ते उतरवलं तर पुन्हा सोमवारच्या सहा टेस्टच लिहिल्यासारखं होईल. मेलवर पर्याय म्हणून पाठवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी बिल्ड लाल. घाबरून बघितलं तर चौथ्या पट्टीसमोर `[XPASS(strict)]`. व्हेंडरकडच्या मुलाने रात्रीच दुरुस्ती टाकली होती. `round` काढून `Decimal` आणि `ROUND_HALF_UP`. जी टेस्ट फेल व्हायची ती पास झाली, म्हणून बिल्ड पडलं. `strict` लावायचं कारणच हे. खूण काढली, हिरवं झालं.

त्याच्या दुरुस्तीत एक गोष्ट खटकली. वजन `Decimal(weight_kg)` असं थेट फ्लोटमधून घेतलंय. १,२५० सारख्या पूर्ण किलोला काही होत नाही, पण काट्यावरून १२५०.३ आलं तर फ्लोटमधली बारीक चूक जशीच्या तशी `Decimal` मध्ये उतरते, आणि पन्नास पैशांच्या काठावर ती एक रुपया इकडेतिकडे करू शकते. माझ्या नऊही पट्ट्या पूर्ण किलोच्या, म्हणून टेस्टना हे दिसलं नाही. `Decimal(str(weight_kg))` करायला सांगितलं. दिवाणजींना फोन करून शंभर-दोनशे ग्रॅमवाल्या पट्ट्या मागितल्या. "काटा जिकडं ग्रॅम दाखवते ना, तिकडच्या काढून ठेवतो," म्हणाले.

शून्य वजनाची दुरुस्ती अजून आलेली नाही. ती खूण तशीच.

फोन ठेवता ठेवता नवव्या पट्टीचं विचारलं. शेठचं काही ठरलं का? दिवाणजी म्हणाले, "शेठ म्हणते दिवाणजीले विचारा. म्या म्हणलं, माह्याकडं त शून्यच हाय."

`skip` च्या कारणात आजची तारीख जोडली.